दाजी, एवढं एकदा बदलून द्या

बद्रीनाथ दाभाडे माणूस चांगला आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्याच्यावर बऱ्याचदा चिडणार आहे. चांगल्या माणसांवर चिडायला जास्त शक्ती लागते आणि माझ्याकडं आता ती मोजकीच उरली आहे.

वाळूजच्या कारखान्यांशेजारी बजाजनगरात आमची नि त्याची भिंत एक. मूळचा देवगाव रंगारीचा. घरची कापसाची जमीन दोघा भावांकडं, आणि हा शहरात आला तो आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करायला. नंतर वाळूजच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे जिथं साचे नि हत्यारं बनवतात तिथं, बारा-पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर नकाशे काढले. नकाशे म्हणजे घराचे नव्हेत. कारखान्यात एखाद्या सुट्या भागाला भोकं पाडायची असतील तर तो भाग दरवेळी त्याच जागी घट्ट धरून ठेवायला एक लोखंडी साचा लागतो. त्याला फिक्श्चर म्हणतात. त्या फिक्श्चरची प्रत्येक प्लेट, प्रत्येक पिन, प्रत्येक भोक कुठं आणि किती, हे कागदावर मांडायचं. केसभर चुकलं तर पुढचा सगळा माल भंगारात. ती कंपनी पुण्याकडं गेली, बद्रीनाथ इथंच राहिला. पुढच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर मांडून त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. छोटे वर्कशॉपवाले येत, काम सांगत, नकाशा घेऊन जात. कोणी हातोहात पैसे देई, कोणी महिन्यानं. चाललं होतं.

त्याचे नियम होते, असं नाही की नव्हते. कोटेशनच्या खाली स्वच्छ छापलेलं असे: पहिल्या दोन दुरुस्त्या कामाच्या पैशात, त्यानंतर प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे. कागदावर माणूस सिंह होता. फक्त समोरचा ‘दाजी’ म्हणाला की संपलं.

दाजी म्हणणारा हा पुंजाराम. बद्रीनाथच्या बायकोचा, द्वारकाचा, चुलत भाऊ. बिडकीनचा. तिकडं औद्योगिक वसाहतीत जमीन गेली, मोबदला आला, आणि त्या पैशातून पुंजारामनं वाळूजला वर्कशॉप टाकलं. त्यात वाईट काही नाही, कितीतरी जणांनी टाकलं. पण ह्या माणसाला मशीन घ्यायला पैसे असत, पांढरी मोठी गाडी घ्यायला पैसे असत, हाताखाली काम करणाऱ्याचे द्यायला मात्र नेमके त्याच दिवशी नसत.

त्याचा फोन आला की मला भिंतीपलीकडून ऐकू येई, कारण बद्रीनाथ फोन स्पीकरवर ठेवून काम करतो.

“दाजी, ते मघाचं लई भारी झालं बरं का. फक्त ते भोक जरा इकडं सरकवा.”

“भाऊ, सरकवलं की खालची पिनपण सरकती. पुन्हा सगळं तपासावं लागतं.”

“तुम्हाला काय अवघड हाय? माउस हलवायचा. तुम्ही आमचे जावई, तुमच्याकडं नाय हक्कानं मागायचं तर कुणाकडं?”

आणि बद्रीनाथ माउस हलवायचा. ज्या दुरुस्तीला दुसऱ्या कोणाकडं दोन तासांचे पैसे लावले असते ती हा फुकट करायचा, वर ‘भाऊ, अजून काय असलं तर सांगा’ असं म्हणायचा! मी एकदा भिंतीवर लाटणं आपटलं. तो धावत आला, “काकू, काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, तुझा शेवटचा शब्द ऐकला.”

द्वारका तेव्हा पुंजारामच्याच बाजूनं. “जाऊ द्या हो काकू. माह्या माहेरचा हाय. त्यानं माह्या लग्नात कलशाचं ताट धरलं होतं.” ताट धरलं म्हणून आयुष्यभर वाढून द्यायचं का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीस साली, उन्हाळ्यात पुंजारामनं एक मोठं काम आणलं. एका मोठ्या कंपनीच्या टूलरूमसाठी फिक्श्चर करून द्यायचं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, गरज नाही. पण वाळूजमधल्या निम्म्या वर्कशॉपवाल्यांची कामं त्या टूलरूममधून जातात, एवढं समजलं तरी पुरे. बद्रीनाथ हरखला. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिच्यात नकाशा कोणी काढला ते लिहितात. तिथं त्याचं नाव त्या टूलरूमच्या टेबलावर जाणार होतं. उद्या तिथल्या साहेबानं कोणा दुसऱ्या वर्कशॉपवाल्याला सांगितलं असतं, ‘ह्या माणसाकडून काढून घ्या’, तर ह्याला पुंजारामची गरजच उरली नसती.

त्याच चौकटीत आणखी एक घर असतं, दुरुस्तीच्या नंबराचं. पहिला नकाशा शून्य. त्यात काडीइतका बदल केला तरी एक, मग दोन, मग तीन. बाजूला बदल काय केला नि कधी, तेही लिहायचं. हे हौसेखातर नाही. वर्कशॉपमध्ये मशीनवर जुना कागद चिकटवलेला असतो. नवा आला की कामगार नंबर बघतो, जुना फाडतो. नंबर नसेल तर त्याच्या लेखी दोन्ही कागद सारखेच.

तर पहिल्या दोन दुरुस्त्या झाल्या नि पुंजाराम स्वतः घरी आला. मी तेव्हा द्वारकाकडून फॉल लावलेली साडी घ्यायला गेले होते. कॉटवर मांडी घालून बसला, चहा घेतला, पोह्यांची बशी चाटूनपुसून साफ केली आणि म्हणाला, “दाजी, त्या कोपऱ्यातला आकडा पुसा बरं. शून्यच ठेवा.”

“का हो?”

“आवो, आकडा वाढला की कंपनीचा साहेब इचारतो, का बदललं? पुन्हा त्याची सही घ्या, पुन्हा चार दिवस. आन् खरं सांगू का, आकडा वाढला की तुमचं बिलबी वाढतं.” आणि हसला. हसताना त्यानं द्वारकाकडं बघितलं. “काय गं अक्का? घरच्या माणसाचं बिल आकड्यावर असतं व्हय?”

द्वारकापण हसली. मी बद्रीनाथकडं बघत होते. त्याला माहीत होतं. बारा-पंधरा वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला कसं माहीत नसणार? तो म्हणाला, “भाऊ, असं करत नाहीत. खाली गोंधळ होतो.”

“काय होत नाय. म्या सोता उभा राहतो मशीनवर.”

आणि बद्रीनाथनं आकडा पुसला. बायकोच्या माहेरच्या माणसाला पोह्यांच्या बशीसमोर नाही म्हणता येत नाही, हा रोग आपल्याकडं फार जुना आहे. त्यावर औषध अजून निघालेलं नाही. मला त्या क्षणी दोघांचीही किळस आली. एकाच्या निर्लज्जपणाची आणि दुसऱ्याच्या भिडेची.

त्यानंतर किती वेळा भोकं इकडंतिकडं झाली ते मला ठाऊक नाही. दरवेळी नकाशा व्हॉट्सॲपवर जाई, कोपऱ्यात शून्य. आधीच्या कामांचं बिल उन्हाळ्यापासून अडकलेलं. मागितलं की, “कंपनीचं पेमेंट येऊ द्या, दाजी, पहिले तुमचे.” कंपनीचं पेमेंट येई, पुंजारामच्या गाडीला नवे टायर येत.

मग जे व्हायचं ते झालं. पुंजाराम मशीनवर उभा राहिला नाही. तो कोणाच्या तरी वास्तुशांतीला गेला. मशीनवर आधीचा शून्य नंबरचा कागद चिकटवलेला होता, कामगारानं त्यावरून प्लेटला भोकं पाडली, आणि प्लेट कडक करायला भट्टीत गेली. भट्टीतून आल्यावर पिना बसेनात. कडक झालेल्या पोलादाला पुन्हा साधं भोक पडत नाही. प्लेट वाया, फिक्श्चर लांबलं, आणि कंपनीच्या साहेबानं उशिराचं कारण लेखी मागितलं.

पुंजारामनं कारण शोधायला फार लांब जायची तसदी घेतली नाही. फोन आला. स्पीकर चालूच होता.

“दाजी, एक कागद टाईप करून पाठवतो. सही करा फक्त.”

“काय लिहिलंय?”

“हेच की, नकाशात माप चुकलं होतं.”

“नकाशात माप चुकलं नव्हतं, भाऊ. जुन्या कागदावर काम झालं.”

“आता जुना आन् नवा म्या कसा वळखू? दोन्हीवर शून्य हाय ना! कुणी घातला शून्य?”

मी भिंतीशी उभी होते. लाटणं हातात नव्हतं, नाहीतर ह्या वेळी फोनवरच आपटलं असतं. काय कमाल आहे पाहा. आकडा पुसायला लावायचा आणि मग विचारायचं, आकडा कुणी पुसला!

“सही केल्याबिगर कंपनी पैसे सोडत नाय,” पुंजाराम पुढं म्हणाला, “आन् त्यांनी सोडले नाय तर म्या तुम्हाला कुठून देऊ? तुमच्याच भल्याचं हाय.”

बद्रीनाथनं सही केली नाही. नाही म्हणालाही नाही. “बघतो” म्हणाला. दोन-तीन दिवस तो खोलीत बसून होता, दुसऱ्यांची कामंही तशीच पडली. मी त्याला म्हटलं, “अरे, तुझी उद्यम नोंदणी आहे ना? प्रिंटरच्या कर्जासाठी केली होतीस. छोट्या धंद्याचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या पुढं कोणी अडवले तर सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. व्याज लागतं, तेही साधं नाही. तुझी बिलं आहेत, व्हॉट्सॲपवर त्याचे मेसेज आहेत. कर तक्रार.”

“काकू, मेव्हणा आहे.”

“मेव्हणा तुझं नाव मातीत घालतोय.”

“तेच ना,” तो म्हणाला. “पैसे गेले तर पुन्हा कमवीन. ह्या कागदावर सही केली तर त्या टूलरूममध्ये मी माप चुकवणारा ठरलो. मग वाळूजमध्ये कोण येणार माझ्याकडं?” एवढं स्वच्छ कळत होतं, आणि तरी फोन उचलून ‘नाही’ हे दोन अक्षरी उत्तर देता येत नव्हतं.

तेवढ्यात अधिक श्रावण लागला. धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी येतो, जावयांचे लाड होतात, लेकी-जावयांना जेवायला बोलावून वाण देतात. द्वारकाची आई सारजाबाई दरवेळी आपल्या घरी चार माणसांत करायची. ह्या वर्षी पुंजारामनं जाहीर केलं की भावकीतल्या सगळ्या जावयांचा धोंडा आपल्या बिडकीनच्या नव्या बंगल्यावर. गेटवर फ्लेक्स लागला, त्यात पुंजारामचा फोटो मोठा आणि जावयांना हात जोडून नमस्कार. द्वारकानं मलाही ओढून नेलं. “काकू, गाडीत जागा हाय, चला, तेवढाच बदल.” बदल! जन्मभर पुरेल असा.

अंगणात मांडव. जावई एका ओळीत पाटावर, पुढं ताटं, पुरण भरलेले धोंडे तुपात, आमटी, भजी, सगळं वाढलेलं. बाकीची मंडळी मागं उभी, फोटोवाला हजर. बद्रीनाथ वयानं मोठा, म्हणून ओळीत पहिला. रीत अशी की मोठ्या जावयानं पहिला घास घेतला की बाकीचे सुरू करतात, आणि जावई उठले की मग इतरांची पंगत.

पुंजाराम वाण घेऊन आला. तांब्याचं तबक, त्यात बत्तासे, चकचकीत टॉवेल, टोपी आणि एक फुगलेलं पाकीट. इतर जावयांच्या तबकात पाकीट नव्हतं. बद्रीनाथपुढं तबक ठेवून तो सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा म्हणाला, “आपण कुणाचं ठेवत नाय! दाजींचा सगळा हिशेब आज वाणात देऊन टाकला!”

लोकांनी माना हलवल्या. काय माणूस आहे! कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. स्वतःच्या घामाचे पैसे बत्ताशांवर ठेवून दान म्हणून मिळत होते, आणि फोटोवाला म्हणत होता, “दाजी, इकडं बघा.”

मग पुंजाराम वाकला, टॉवेलाखालून घडी घातलेला कागद काढला, पेन दिलं आणि हळूच म्हणाला, “दाजी, एवढी सही. कंपनीचा माणूस उद्या येतोय.”

बद्रीनाथनं कागद बघितला. पेन बघितलं. मग त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“घ्या ना,” पुंजाराम म्हणाला.

बद्रीनाथनं जेवायलाही हात घातला नाही.

थोडा वेळ कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग शेजारचा जावई, कन्नड तालुक्यातला कारभारी नावाचा गडी, म्हणाला, “साडू, करा की सुरू. धोंडे गार व्हायलेत.”

बद्रीनाथ शांतपणे म्हणाला, “ताटाशेजारी कागद आहे. तो उचलला की करतो.”

“कसला कागद?” मागून सारजाबाईंनी विचारलं. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसतं, कान मात्र तिखट.

“काय नाय काकी, कंपनीचं हाय.”

“पुंजाराम, वाण दिऊन सही घ्यायची रीत कवापासून काढली रं? देवाला निवद दाखवून वर पावती मागतूस व्हय?”

मांडवात हसू पिकलं. पुंजारामचा चेहरा उतरला. तो दातओठ खात म्हणाला, “दाजी, आपल्या घरात बसून असं करू नका. तुमच्याच चुकीनं माझी प्लेट गेली. तरीबी म्या पैसे ठेवले.”

“भाऊ,” बद्रीनाथ म्हणाला, आणि त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका साधा होता, “नंबर लिहू नका असं तुम्ही माझ्या घरी कॉटवर बसून म्हणलात. माझी चूक एवढीच की मी ऐकलं. ती चूक मी कबूल करतो, इथंच, सगळ्यांसमोर. पण माप चुकलं असं मी लिहून देणार नाही. माप बरोबर होतं.”

“अक्का, सांग तुह्या नवऱ्याला!” पुंजाराम द्वारकाकडं वळला.

द्वारका पुढं आली. मला वाटलं आता ही रडणार, आणि ही रडली की तो सही करणार, आणि मी इतक्या लांब येऊन हा तमाशा बघून परत जाणार. तिनं वाकून तबकातलं पाकीट उचललं, उघडलं, नोटा बोटानं चाळल्या.

“अर्धेबी नायत,” ती म्हणाली. “सगळा हिशेब म्हणालास ना?”

“प्लेटचे कापले. माझं नुकसान कोण भरणार?”

तिनं पाकीट भावाच्या हातात ठेवलं. “मग हे वाण नाय. वाणातून कुणी कापत नसतं. टॉवेल-टोपी ऱ्हाऊ दे, ती माह्या मायच्या नावानं घिऊ.”

ओळीतले सगळे जावई हात राखून बसले होते. मागं पोरंसोरं भुकेनं कुरकुरत होती, आचारी डोकावून जात होता, माश्या आमटीवर बसत होत्या. बद्रीनाथ हलेना. भांडत नव्हता, ओरडत नव्हता, उठतही नव्हता. नुसता बसला होता. कारभारी पुन्हा म्हणाला, “पुंजारामभाऊ, उचला की तो कागुद. आम्हाला तिकडं म्हशी हायेत.” अख्ख्या गावचा मान एका घडी घातलेल्या कागदापाशी अडकला होता. शेवटी पुंजारामनं तो उचलला, खिशात कोंबला. बद्रीनाथनं पहिला घास घेतला. दोनच धोंडे खाल्ले आणि ओळीत सगळ्यांचं होईपर्यंत बसून राहिला. रीत मोडली नाही.

इथं गोष्ट संपवली असती तर बरं दिसलं असतं. पण पुंजारामसारखी माणसं मांडवात लाजतात आणि गेटबाहेर विसरतात. दुसऱ्या दिवसापासून बिडकीनभर सुरू झालं, बद्रीनाथनं भरल्या ताटावर पैशाचा विषय काढला. पैशाचा विषय यानं काढला! पाकीट ज्यानं बत्ताशांवर मिरवलं तो थोर, आणि जो गप्प बसला तो पैशाचा लोभी. बिल अजूनही थकलेलंच.

तेव्हा द्वारकाच माझ्याकडं आली. “काकू, ते पोर्टल म्हणत होतात ना? ह्यांना दाखवा. मी बसते बाजूला, ह्यांचा हात थांबला तर.”

आम्ही तिघांनी बसून तक्रार भरली. उद्यमचा नंबर, बिलं, काम दिल्याच्या तारखा, व्हॉट्सॲपचे मेसेज. त्यात नंतरच्या एका दुरुस्तीच्या वेळचा एक असा: ‘दाजी नंबर टाकू नका शून्यच ठेवा’. माणसानं निदान आपला लबाडपणा टाईप तरी करू नये. बद्रीनाथनं तोच मेसेज आणि दोन्ही नकाशे त्या टूलरूमच्या साहेबाला पाठवले. सोबत एका ओळीत लिहिलं, दुरुस्तीचा नंबर न लिहिण्यात माझीही चूक झाली, पुन्हा होणार नाही. साहेबाचं उत्तर आलं, ‘नोंद घेतली’. एवढंच. गळ्यात पडून कोणी शाबासकी दिली नाही. पुढं कधीतरी त्या टूलरूमचं एक लहानसं काम दुसऱ्या वर्कशॉपमार्फत आलं, तेव्हा कळलं की नाव राहिलं.

तक्रारीची नोटीस गेल्यावर पुंजारामनं बिल भरलं. तुकड्यातुकड्यानं, ऐकणाऱ्याला लाज वाटावी अशा आकड्यांत, आणि व्याज न देता. व्याजासाठी बद्रीनाथ पुढं गेला नाही. मी चिडले. “हक्काचं आहे ते!” तो म्हणाला, “काकू, द्वारकाला माहेरी जायचंय.” जायचं तर आहे. पण भाऊबीजेला पुंजारामच्या घरचं बोलावणं आलं नाही. द्वारका त्या दिवशी दिवसभर शिलाई मशीन चालवत बसली, एकही साडी कोणाची नसताना. सारजाबाई मात्र स्वतः एसटीनं आल्या.

गेल्या महिन्यात भिंतीपलीकडं पुन्हा स्पीकर वाजला. “दाजी, वळखलं का? एक छोटंसं काम होतं. तुमच्यासारखं कुणी करत नाय. फक्त दोन भोकं.” मी भाजी चिरायची थांबले.

“कोटेशन पाठवतो, भाऊ. निम्मे आधी. आणि प्रत्येक कागदावर नंबर येणार.”

“आवो, घरच्या माणसाला...”

“घरची विचारपूस करायची असली तर द्वारकाला देतो फोन.”

फोन ठेवला गेला. कोणी ठेवला ते कळलं नाही.

तो वाणातला टॉवेल बद्रीनाथच्या प्रिंटरवर झाकण म्हणून पडलेला असतो. द्वारकानं एकदा भांडी पुसायला घेऊन बघितला होता. चकचकीत आहे, पाणी मात्र शोषत नाही.